एकीचा हप्ता चौघींनी का भरायचा?

माजलगावचा_पोरगा
आईच्या पाच बायकांच्या गटाला एका फायनान्स कंपनीनं प्रत्येकी ४०,००० रुपये दिले. त्यातली एक दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली, तिचा फोन लागत नाही. वसुलीचे साहेब म्हणतात, चौघींनी मिळून भरा, तोवर मीटिंग उठणार नाही. आईनं तिच्या पैशाला हातही लावलेला नाही. हे योग्य आहे का?

जुना_वसुलीवाला
कडू वाटेल, पण योग्य आहे. तुमच्या आईच्या नावावर जमीन नाही, पगाराची स्लिप नाही. बँकेनं कशावर कर्ज द्यायचं? पाच जणींनी एकमेकींच्या हमीवर सही केली म्हणून पैसे आले. कोण हप्ता बुडवेल हे कंपनीला कळत नाही, शेजारणीला कळतं. गट करताना तिला आत घेतलं कुणी? या रचनेनं सावकाराच्या दारात जाणाऱ्या कितीतरी बाया वाचल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गटाची_ताई
मी बचत गटांच्या वह्या लिहिते, म्हणून आकडे मांडते. ४०,००० रुपये, २४ महिने आणि कमी होत जाणाऱ्या शिल्लकीवर २४ टक्के व्याज धरलं, तर हप्ता साधारण २,११५ बसतो. एकीनं बुडवला की चौघींवर प्रत्येकी ५३० रुपयांचा भार वाढतो. ओढाताण होते, पण निभतं. आता दुसरीही थांबली तर? मग तिघींनी प्रत्येकी ३,५२५ भरायचे. इथे तिसरी विचार करते, माझे २,११५ भरूनही गट थकीतच राहणार, मग मी तरी का भरू? ज्या हमीनं पहिल्या अडचणीत गट सावरला, तीच हमी दुसऱ्या अडचणीत गट फोडते. एकीचं आजारपण गट पेलतो. दुष्काळ पडला, कांद्याचा भाव पडला, सगळ्यांचे नवरे एकाच हंगामात बाहेर गेले, तर पेलणार कोण? एकाच गल्लीतल्या पाच जणींचं संकट बहुतेक वेळा एकदमच येतं.

किराणा_भाऊ
आमच्या मिसेसचाही बचत गट आहे. त्यातून दुकानासाठी कर्ज मिळेल का? सबसिडी किती असते?

गटाची_ताई
भाऊ, तुम्ही म्हणताय तो बचत गट, आणि वरचा प्रश्न कंपनीच्या हमी गटाचा आहे. पण फरक इथेच सांगते, कारण माझा मुद्दा तोच आहे. बचत गटात आधी बचत, मग कर्ज. १२ बायका महिना २०० रुपये टाकतात, दोन वर्षांत ५७,६०० जमतात, वर आपसातल्या कर्जाचं व्याज. बँक कर्ज देते ते गटाच्या नावावर. एखादी ऊसतोडीला गेली की मीटिंगमध्ये ठराव करून तिचा हप्ता गटाच्या पैशातून भरता येतो, आणि ती परतल्यावर तिच्याकडून घेतला जातो. निर्णय बायकांचा. कंपनीच्या गटात अशी गंगाजळी नसते. तिथं शेजारणीची भाजी आणायची नोट निघते.

नगरची_वाचक
मग सामाईक हमी काढूनच टाका ना! बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेनं २००० नंतरच्या नव्या रचनेत ती सोडली, गट आणि मीटिंग ठेवली. फिलिपाइन्समधल्या एका बँकेनं काही केंद्रांवर हमी काढून पाहिली, तर थकबाकी वाढली नाही. म्हणजे वसुली होते ती दर आठवड्याच्या भेटीमुळे आणि पुढच्या कर्जाच्या आशेमुळे. शेजारणीला वेठीस धरायची गरजच नाही.

जुना_वसुलीवाला
त्या केंद्रांवरच्या बायका आधीच हमीच्या गाळणीतून आलेल्या होत्या. नव्या गावात, जिथं कुणाची ओळख नाही, तिथं हमीशिवाय पहिलं कर्ज कोण देईल? दिलं तरी रक्कम कमी किंवा व्याज जास्त. मात्र मीटिंग उठू न देणं चूकच आहे. आम्हीही बसवून ठेवायचो, तेव्हा तीच पद्धत होती.

नगरची_वाचक
आंध्रात २०१० मध्ये याच पद्धतीनं एवढं रान पेटलं की ऑक्टोबरात अध्यादेश काढावा लागला, आणि त्यानंतर वसुलीच बसली. भरू शकणाऱ्यांनीही भरणं थांबवलं. ताईंच्या हिशोबातली तिसरी बाई तिथं गावोगाव दिसली.

गटाची_ताई
पहिल्या कर्जाबद्दल वसुलीवाल्यांचं म्हणणं मला पटतं, बाकी नाही. ज्या घरात नोव्हेंबर ते मार्च माणूस नसतं, त्या घराला महिन्याच्या ठराविक तारखेचा हप्ता बांधणं हीच मुळात चूक. मुकादमाची उचल हंगामाआधी मिळते, हातात पैसा तेव्हाच असतो. हे कर्ज देतानाच विचारायला हवं होतं.

माजलगावच्या भाऊ, आईला सांगा: कंपनीकडून स्वतःचा खातेउतारा मागा, चौघींपैकी कुणी पैसे भरलेच तर पावतीवर कुणाच्या खात्यात किती जमा हे लिहून घ्या. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सकाळी ९ आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, धमकी आणि शिवीगाळही चालत नाही. लेखी तक्रार आधी कंपनीकडे करा, महिन्यात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

माजलगावचा_पोरगा
कागद काढला. हमीच्या पानावर आईचा अंगठा आहे, पण ते पान वाचून दाखवलं नव्हतं असं ती म्हणते. गेलेल्या बाईच्या दिराकडून मुकादमाचा नंबर मिळालाय, उद्या फोन लावतो. तोवर या महिन्याचे ५३० भरावेत की थांबावं, यावर चौघींत अजून एकमत नाही.