मदत हवी आहे: पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आलाय, मशीन द्यावी का?

औसा_शिवार
राम राम मंडळी. जुनी कडबा कुट्टी, 3 एचपी मोटरसकट, 18,500 ला ठरली. घेणारा सोलापूरकडचा. स्वतः आला नाही, पिकअप पाठवलीय. सकाळी "नंबर बरोबर आहे का बघतो" म्हणून त्याने 1 रुपया टाकला, तसा मेसेजही आला. आता दुपारी 2:10 चा स्क्रीनशॉट पाठवलाय. हिरवी खूण, माझं नाव, 18,500 आणि 12 अंकी यूटीआर, सगळं आहे. पण मेसेज काही आला नाही. जिल्हा बँकेच्या खात्यातही काही दिसत नाही. तो म्हणतो, आज रविवार आहे, उद्या बँक उघडली की जमा होतील. ड्रायव्हर दारात उभा आहे. शेजारी म्हणतात, यूटीआर आला म्हणजे पैसे निघालेच. काय बघू?

नांदेड_नाका
बँकेचा मेसेज येऊ द्या. आला की बिनधास्त देऊन टाका.

सोयाबीनवाला
भाऊ, पिन अजिबात टाकू नका! माझ्या मेव्हण्याला असाच कोड स्कॅन करायला लावून पैसे काढून घेतले. लगेच 1930 ला फोन लावा.

औसा_शिवार
दादा, त्याने पिन मागितलेला नाही. माझे पैसे गेले नाहीत, आले का एवढंच बघायचंय.

जुना_कॅशियर
आधी एक सांगा, तुमचा यूपीआय कोणत्या खात्याला जोडलाय? पीककर्ज जिल्हा बँकेत आणि यूपीआय दुसऱ्याच बँकेत, असं आपल्याकडे घरोघरी आहे. सकाळचा 1 रुपया ज्या खात्यात पडला, तेच खातं बघा. चुकीचं खातं बघून खऱ्या माणसाला खोटं ठरवू नका.

त्या बँकेच्या ॲपमध्ये मिनी स्टेटमेंट काढा. ॲप नसेल तर गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात आधार जोडलेल्या खात्याचं अंगठ्यावर निघतं. नुसती शिल्लक बघू नका. त्याच वेळी अडत्याने सोयाबीनची पट्टी टाकली किंवा कुठला हप्ता पडला तरी शिल्लक वाढते. नोंदच वाचायची. बऱ्याच बँकांत ती अशी दिसते:

```
UPI/CR/12 अंकी नंबर/पाठवणाऱ्याचं नाव/बँक
```

CR म्हणजे जमा. तो नंबर स्क्रीनशॉटमधल्या यूटीआरशी एकेक अंक लावून बघा. मग रक्कम. 18,500 च्या जागी 1,850 पाठवून स्क्रीनशॉटमध्ये एक शून्य वाढवणारे लोक आहेत, घाईत नजर चुकते. नावही बघा.

नांदेडकर, मेसेजवर जाऊ नका. साध्या दहा अंकी मोबाईल नंबरवरून "तुमच्या खात्यात जमा" असं कुणीही लिहून पाठवू शकतं. उलट खरे पैसे आले तरी बँकेचा मेसेज कधी कधी उशिरा येतो.

रविवारचं म्हणाल तर यूपीआय रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही चालतं. एनईएफटीसुद्धा डिसेंबर 2019 पासून चोवीस तास सुरू आहे.

औसा_शिवार
कॅशियर काका, तुमचं खरं निघालं. यूपीआय दुसऱ्या बँकेला जोडलेला आहे. तिथलं स्टेटमेंट काढलं. सकाळची 1.00 CR ची नोंद आहे, त्यानंतर काहीच नाही. आणि 1 रुपया पाठवणाऱ्याचं नाव वेगळं, स्क्रीनशॉटवरचं वेगळं. त्याला विचारलं तर म्हणतो भावाच्या फोनवरून टाकला होता.

जुना_कॅशियर
भावाचा असूही शकतो, नाव वेगळं म्हणून लगेच चोर म्हणता येत नाही. पण नोंद नाही तोवर मशीन हलवू नका. त्याला एवढंच सांगा: तुमच्या खात्यातून खरंच पैसे कटले असतील आणि माझ्याकडे आले नसतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत मिळायला हवेत. म्हणजे थांबल्याने त्याचं नुकसान नाही.

परळी_वैजनाथ
आमच्याकडे तर चेक होता. म्हैस विकली, त्याने आमच्या खात्यात चेक भरला. पासबुकात जमा छापून आलं, म्हैस गेली. तीन दिवसांनी चेक परत!

जुना_कॅशियर
चेकचं वेगळं असतं. नोंद पडली तरी वटेपर्यंत ते पैसे काढता येत नाहीत. तिथे "उपलब्ध शिल्लक" बघावी लागते. यूपीआयची नोंद पडली की पैसे लगेच वापरता येतात.

औसा_शिवार
त्याला म्हटलं, दाजी, नोंद पडली की रात्री बारालाही मशीन भरून देतो, नाहीतर रोख घेऊन या. आधी चिडला, मग म्हणाला उद्या बघतो. आता फोन लागत नाही. स्टेटमेंट परत काढलं, अजून काही नाही. ड्रायव्हर बिचारा लातूरचा, त्याला फोनवरून ठरवलेलं, भाडं मिळालेलं नाही. तो माझ्याकडे मागतोय. द्यावं का?

सोयाबीनवाला
डिझेलपुरते द्या भाऊ, तोही फसलेलाच दिसतोय.

नांदेड_नाका
मी देणार नाही. तो त्याचाच माणूस नसेल कशावरून? आधी गाडीचा नंबर लिहून ठेवा.