फ्लेक्सी कॅप फंडाचा टर्नओव्हर 20%, तरी पोर्टफोलिओ ओळखू येईना. सल्ला हवा

डोंबिवलीकर_72: चार वर्षांपासून 5,000 ची एसआयपी आहे. टर्नओव्हर कमी, म्हणजे शेअरची अदलाबदल कमी, म्हणजे मॅनेजर शांत डोक्याचा, असं समजून फंड घेतला. फॅक्टशीटमध्ये आजही 20%च दिसतो. पण वर्षभरात स्मॉलकॅप 12 वरून 38 टक्क्यांवर गेलंय! मॅनेजर बदलला नाही. नवीन फंड सुचवू नका, फक्त कुठे बघायचं ते सांगा.

पेणचा_पाटील: इंडेक्स फंड घ्या, मोकळे व्हा. मी घेतलाय.

शुभदा_म: 20% म्हणजे मॅनेजरने काही केलेलंच नाही. स्मॉलकॅप चढले म्हणून टक्का वाढला असणार. माझ्या बॅलन्स्ड ॲडव्हांटेजचा टर्नओव्हर 300% आहे, मी तरी कुठे घाबरले?

आकडेमोड: शुभदाताई, तुमच्या 300 मध्ये आर्बिट्राजची उलाढाल मोजलेली असते, ती तुलना इथे नको. भाव चढल्याचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. पण टर्नओव्हर काढताना खरेदी आणि विक्री यांपैकी लहान आकडाच धरतात आणि त्याला फंडाच्या सरासरी आकाराने भागतात. समजा, फंड 2,000 कोटींवरून 5,000 कोटींवर गेला, सरासरी 3,500. वर्षात 3,700 कोटींची खरेदी, 700 कोटींची विक्री. टर्नओव्हर 20%! नव्या पैशातून सगळा पोर्टफोलिओ बदलला तरी हा आकडा हलत नाही.

टक्के बघू नका, शेअरची संख्या बघा. दर महिन्याचा पूर्ण पोर्टफोलिओ फंड हाउसच्या साइटवर एक्सेलमध्ये असतो. भावाने टक्का बदलतो, संख्या बदलत नाही. बोनस, स्प्लिट तेवढे वगळा.

पेणचा_पाटील: एवढा अभ्यास करायचा तर मॅनेजरला फी कशाला द्यायची? इंडेक्स!

गल्लीतला_गुंतवणूकदार: +1. अवांतर: रेग्युलर की डायरेक्ट?

डोंबिवलीकर_72: डायरेक्ट. गेल्या मार्चची आणि या मार्चची फाइल शेजारी शेजारी ठेवली. मोठ्या बँकेचे 4 लाख शेअर तेव्हाही होते, आजही तेवढेच. टक्का मात्र निम्म्याच्या खाली. त्यातलं विकलं काहीच नाही. खाली 31 नवीन छोट्या कंपन्या.

आकडेमोड: म्हणजे जुन्या निवडीवरचा विश्वास उडालेला नाही, पण नवीन पैसा त्या निवडीत घालायची तयारीही नाही. फ्लेक्सी कॅपला छोट्या कंपन्या घ्यायची नियमाने मुभा आहे, 65% इक्विटी असली की झालं. अडचण बाहेर पडताना येईल. मिड आणि स्मॉलकॅप फंडांना मार्च 2024 पासून स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पोर्टफोलिओ विकायला किती दिवस लागतील ते, जाहीर करावी लागते, तुमच्या प्रकाराला नाही. मी असतो तर एसआयपी थांबवली असती.

शुभदा_म: म्हणजे मी म्हणाले तेच, विकलं काहीच नाही.

आकडेमोड: ताई, 31 कंपन्या चढत्या भावाने जन्मल्या का?

डोंबिवलीकर_72: एसआयपी चालूच ठेवतोय. बँक विकली नाही, हे मला आवडलं. सप्टेंबरची फाइल आली की पुन्हा मोजेन.

गल्लीतला_गुंतवणूकदार: मग धागा कशाला काढला 😀