‘म्हातारीने किल्ली लपवली’ एवढंच उरवायचं होतं तर गोष्ट कशाला सांगायची?

मूळ पोस्ट, पहिलीवाला_आर्वी: आमच्या वाचनपेटीतल्या गोष्टी पहिलीसाठी सोप्या करतोय. मूळ वाक्य: “माकडांच्या भीतीने किल्ली मडक्याखाली न ठेवता म्हातारीने, कोणाला कळू नये म्हणून, घरीच राहणाऱ्या लंगड्या बोकडाच्या गळ्यातल्या घंटेत ती दडवून ठेवली.” मी केलं: “म्हातारीने किल्ली लपवली.” तीन शब्द, पोरं फटाफट वाचतात. सहा वर्षांच्या पोराला याहून जास्त झेपत नाही. कोणाला काही अडचण?

धुऱ्यावरचा_मास्तर: आहे अडचण. ही गोष्ट आमच्याही पेटीत आहे. शेवटी नातवाला किल्ली कशी सापडते? बाकीची बकरं घंटा वाजवत रानात जातात, घरी राहिलेला लंगडा बोकड अंगणात फिरतो आणि त्याची घंटा वाजत नाही. तुमच्या वाक्यात घंटा नाही, बोकड नाही. मग पाचव्या पानावर पोराला काय कळणार? बोकड तिथे आभाळातून पडला असंच वाटेल त्याला.

सोपं करायला बसलं की आधी शेवटचं पान उघडायचं. तिथे कामाला येणारं सगळं राहिलं पाहिजे: घंटा, बोकड, त्याचं घरी राहणं, माकडं. ‘कोणाला कळू नये’ हे गेलं तरी चालतं, लपवणं म्हणजे तेच. मडकं इथून काढा, पण फेकू नका. नातू आधी मडक्याखाली हात घालतो, त्या पानावर ते सरकवा.

आता अडतं कुठे ते ऐका. मागच्या वर्षी मूळ वाक्यच एका पोरीसमोर ठेवलं. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत ती ‘ठेवली’पर्यंत पोचली. विचारलं, किल्ली कुठे आहे? म्हणाली, “मडक्याखाली.” बरोबरच आहे तिचं. ‘न’ एवढंसं अक्षर, ते बोटाखालून निसटलं. वीस शब्दांपैकी म्हातारी सातवी येते आणि ‘ठेवली’ विसावा. मधे बारा शब्द लावताना ठेवणारी कोण हेच पोर विसरतं. हेच वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा तिला सगळं कळलं होतं. म्हणजे झेपत नाही ते लावून वाचणं. गोष्ट झेपते.

निपुण_तक्ता: सर, भावना समजल्या, पण निकष बघा ना. निपुण भारतमध्ये पहिलीला चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य आहे. सोपं म्हणजे जोडाक्षर नको. किल्लीत ल्ल, म्हातारीत म्हा, गळ्यातल्यामध्ये तर दोन-दोन. तेवढी काढली की वाक्य सोपं होतं, बाकी चर्चा कशाला?

धुऱ्यावरचा_मास्तर: तक्ता आम्हालाही पाठवलाय, तुम्ही पूर्ण वाचा. तिथे ‘किमान’ चार-पाच शब्द लिहिलंय. पोराने निदान एवढं वाचावं असा त्याचा अर्थ, लिहिणाऱ्याने त्यापुढे जाऊ नये असा नाही. जोडाक्षराचं अर्धं मान्य. किल्लीची चावी करा, म्हातारीची आजी करा, गोष्टीला काही होत नाही. पण सगळीच काढायला गेलात तर ‘त्या’ नि ‘च्या’ कुठे ठेवाल? मराठी हलणारच नाही. ती रोजची आहेत, पोरांच्या नजरेत बसलेली असतात. आणि “भयाने आजीने चावी दडवली” यात एकही जोडाक्षर नाही. कळलं का कोणाला काही?

बकरीवाला_दारव्हा: मधात बोलतो, राग मानू नका. घंटीत चाबी टाकली त घंटी अजून जास्त वाजन ना! लोखंड लोखंडाले लागलं का खणखण होते. मायाकडं बकऱ्या हायेत, म्या करून पाह्यलं आत्ताच. गोष्टच खोटी हाय.

यवतमाळची_आई: हाहाहा! दादा बरोबर बोलले. माझा मुलगा पहिलीतच आहे, त्याने हेच विचारलं असतं.

निपुण_तक्ता: विषय काय, बोलताय काय. गोष्ट काल्पनिक आहे. माकड बोललं तर चालतं आणि घंटा चालत नाही?

बकरीवाला_दारव्हा: माकड बोलू द्या, पण या गोष्टीत माकड बोलते कुठं? घंटी त आमच्या इथली हाय. खेड्यातल्या पोट्ट्याले घंटी मालूम असते, शहरातल्याले फसवा. आतल्या लोलकाले चिंधी गुंडाळली, वरून चाबी कोंबली, तवा आवाज बंद झाला. आमी चोरीच्या भ्यावानं रात्री तसंच करतो.

पहिलीवाला_आर्वी: म्हणजे आता चिंधीही घालायची? मी तीन शब्दांवर आणलं, तुम्ही पुन्हा पान भरताय. वर्गात चार इयत्ता एकत्र, त्यात माहितीचे तक्ते, फोटो अपलोड, आणि रात्री गोष्टी कापत बसायचं. चित्रात दाखवतो ना घंटा! वाक्यात कशाला पाहिजे?

यवतमाळची_आई: चित्राचं बोलूच नका. आमच्या शाळेतून झेरॉक्स येते. बोकड काळा, घंटा काळी, आजीचं लुगडंही काळं. माझ्या पोराने त्याला अस्वल म्हटलं. शिवाय दर आठवड्याला पंधरा रुपये झेरॉक्सचे, ते कोणाच्या खिशातून जातात? बाईंना विचारलं तर म्हणतात गावाने वर्गणी काढावी.

धुऱ्यावरचा_मास्तर: झेरॉक्सचा वेगळा धागा काढा ताई, त्यात मीही चार शिव्या घालतो. दादांची चिंधी मात्र घ्यावीच लागेल, मूळ लिहिणाऱ्याला बकरी माहीत नव्हती एवढंच खरं. घ्या, असं होतं:

“माकडं आजीची चावी पळवायची.
आजीकडे एक लंगडा बोकड होता.
तो घरीच राहायचा.
त्याच्या गळ्यात घंटा होती.
आजीने घंटेत चिंधी कोंबली.
मग चावी घंटेत लपवली.”

सहा वाक्यं. एकातही पाचाहून जास्त शब्द नाहीत, तक्तेवाले खूश. एका वाक्यात एकच गोष्ट घडते, आणि जशी घडली तशाच क्रमाने. मूळ वाक्यात माकडांचं कारण एका ‘भीतीने’मध्ये दडलं होतं, त्याला इथे स्वतःचं वाक्य मिळालं. लंगडा काढू नका. लंगडा म्हणूनच तो घरी राहतो, नाहीतर चावी बाकीच्यांबरोबर रानात गेली असती.

निपुण_तक्ता: शेवटच्या वाक्यात ‘म्हणून आजीने’ हवं. नुसती वाक्यं तोडली तर माकडांचा आणि चावीचा संबंध पोराने कुठून लावायचा?

धुऱ्यावरचा_मास्तर: पहिल्यांदा कामाचं बोललात. पण मधे चार वाक्यं गेल्यावर ‘म्हणून’ कशाला चिकटणार? घंटेला चिकटेल. माकडांचं वाक्य खाली आणा, चिंधीच्या आधी. “माकडं आजीची चावी पळवायची. म्हणून आजीने घंटेत चिंधी कोंबली.” मग जुळतं.

पहिलीवाला_आर्वी: वा, धन्य झालो. एका वाक्याला एवढं, पेटीत चाळीस गोष्टी आहेत. मग “आता घंटा वाजेना” हेही लिहून टाका ना, पोराला थेट कळेल.

धुऱ्यावरचा_मास्तर: ते लिहिलं तर शेवटच्या पानावर नातवाने काय शोधायचं? ते पोरालाच सुचू द्या.

यवतमाळची_आई: मला नाही पटत. माझ्या पोराला नसतं सुचलं, आणि तो मठ्ठ नाही. गोष्ट पाच पानांची, रोज एक पान वाचून होतं. शेवटाला येईतो चिंधी कोणाला आठवते?

धुऱ्यावरचा_मास्तर: रोज एक पान असेल तर तुमचं खरं असू शकतं. आमच्याकडे एका बैठकीत होते.

बकरीवाला_दारव्हा: लिहा का नका लिहू, पण बोकड्या लंगडा झाला कायनं ते कोनी सांगन का? माया पोट्टीनं पह्यले तेच इचारलं.