डीपीओ मागे का सरकवतात? मदत हवी आहे

मंडळी, २० कॅन्डलचा डीपीओ लावून सायकलची लांबी मोजतोय. सूत्र असं: `close[11] - sma(close, 20)`, आणि उत्तर ११ कॅन्डल मागे काढायचं. २० च्या सरासरीचा मध्य ९.५ कॅन्डल मागे असतो, म्हणून जवळपास तिथल्याच भावातून ती सरासरी वजा करायची, इथवर पटतं. शेवटच्या ११ कॅन्डल कोऱ्या राहतात, तेही ठीक.

पण सेंटर्ड पर्याय बंद केला की आजच्या भावातून ११ कॅन्डल जुनी सरासरी वजा होते. भाव दर कॅन्डलला १ रुपया सरळ चढत असेल, तर सेंटर्ड डीपीओ -१.५ वर थांबतो, हा मात्र +२०.५ वर! मग ट्रेंड निघाला कुठे? अशा रेषेवर तळ ते तळ अंतर मोजलं तर चालेल का?