मदत हवी आहे: सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेपरमध्ये रिस्क ७ पट का १४ पट?

मांजराकाठ
नमस्कार. मी लातूरला एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय कम्युनिटी हेल्थ. गुरुवारी जर्नल क्लबमध्ये मला डॉल आणि हिल यांचा १९५० चा पेपर मांडायचाय, लंडनच्या २० हॉस्पिटलमधल्या पेशंटचा. चार दिवस झाले वाचायलेय पण एका ठिकाणी गाडी अडकलीय, काही केल्या समजेना गेलंय.

पुरुषांचा टेबल असा आहे: कॅन्सरचे पेशंट ६४९, त्यातले ६४७ सिगारेट-तंबाखू ओढणारे आणि २ न ओढणारे. दुसऱ्या बाजूला कॅन्सर नसलेले कंट्रोलही ६४९, त्यातले ६२२ ओढणारे आणि २७ न ओढणारे. मी सरळ हिशोब केला की ओढणारे एकूण १२६९, त्यातल्या ६४७ जणांना कॅन्सर म्हणजे ५१ टक्के, आणि न ओढणारे २९, त्यातल्या दोघांना म्हणजे ६.९ टक्के, भागाकार केला तर रिलेटिव्ह रिस्क ७.४ आली. पण माझी रूममेट म्हणते उत्तर १४ आहे. ती फुलीसारखा गुणाकार करते, का करते ते तिलाही सांगता येईना. दोघींचे आकडे तेच आणि उत्तर डबल, मग चुकलंय कोण? आणि ५१ टक्के हा आकडा मला स्वतःलाच पटत नाहीये, आमच्या गावात निम्म्या बिडी ओढणाऱ्यांना कॅन्सर झालेला मी तरी पाहिला नाही.

परभणीकर_७२
ताई, अभ्यासाचं मला काही कळत नाही पण एक सांगतो. माझे वडील १५ वर्षांचे असल्यापासून बिडी ओढतात, दिवसाला बंडल संपतं, आज ८१ वर्षांचे आहेत आणि शेतात जातात. उलट माझी मावशी, कधी तंबाखूला हात लावला नाही, ती फुफ्फुसाच्या कॅन्सरनेच गेली, निदान व्हायला सात महिने लागले कारण सगळे टीबीच समजत होते. त्यामुळं मला हे पट वगैरे खरं वाटत नाही. मावशी जन्मभर चुलीवर स्वयंपाक करायची, त्याचं कुणी मोजतं का?

गोदाकाठचा_मास्तर
रूममेट बरोबर आहे. ही केस-कंट्रोल स्टडी आहे, कोहॉर्ट म्हणजे आधी माणसं घेऊन पुढं वर्षानुवर्षं बघत जाणारी नाही, त्यामुळं यात रिलेटिव्ह रिस्क काढताच येत नाही, फक्त ऑड्स रेशो, म्हणजे तोच फुली गुणाकार, काढायचा. आणि केस-कंट्रोलमध्ये कन्फाउंडिंग, म्हणजे दुसऱ्याच एखाद्या कारणाची सरमिसळ, हाताळता येत नाही म्हणून तो पुरावा कच्चाच धरायचा. पक्कं उत्तर कोहॉर्टमध्येच मिळतं, तिथं कन्फाउंडिंगचा प्रश्न नसतो. गुरुवारी एवढं सांगितलं तरी पास.

रेषाखंड
मांजराकाठ, तुम्हाला ५१ टक्के खटकला हे फार चांगलं झालं, सगळी गोष्ट तिथंच आहे. मी बरीच वर्षं पीएसएमला, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिनला, शिकवलं, त्यातली काही अंबाजोगाईला, आणि दर बॅचमध्ये अर्धी मुलं हाच भागाकार करायची.

हा ५१ टक्के आला कुठून ते बघा. डॉल-हिलनी गावातल्या ओढणाऱ्यांना गोळा करून त्यातल्या किती जणांना कॅन्सर होतो ते पाहिलेलं नाही. त्यांनी आधी कॅन्सरचे पेशंट घेतले आणि प्रत्येकामागे एक कंट्रोल घेतला, त्याच हॉस्पिटलमधला, त्याच लिंगाचा, त्याच पाच वर्षांच्या वयोगटातला. निम्मे कॅन्सरवाले असणार हे त्यांनीच ठरवलंय, म्हणून तुमचं उत्तर निम्म्याच्या आसपास आलं. तो रोगाचा आकडा नाही, निवडीचा आकडा आहे.

पटत नसेल तर एक करून बघा. समजा त्यांनी एका पेशंटमागे दहा कंट्रोल घेतले असते आणि सवयींचं प्रमाण तेच राहिलं असतं, म्हणजे कंट्रोलमध्ये ओढणारे ६२२० आणि न ओढणारे २७०. आता तुमच्याच पद्धतीने करा: ओढणाऱ्यांत ६४७ भागिले ६८६७ म्हणजे ९.४ टक्के, न ओढणाऱ्यांत २ भागिले २७२ म्हणजे ०.७४ टक्के, भागाकार जवळजवळ १२.८. शंभर कंट्रोल घेतले तर १३.९ येतो. सिगारेट तीच, कॅन्सर तोच, आणि तुमचं उत्तर ७.४ वरून १३.९ वर गेलं, फक्त आपण कंट्रोल जास्त बोलावले म्हणून. आता रूममेटचा फुली गुणाकार करा, ६४७ गुणिले २७, आणि जे येईल त्याला ६२२ गुणिले २ च्या उत्तराने भागा. एक कंट्रोल घ्या की शंभर, १४ च येतं, कारण कंट्रोलची संख्या वर-खाली दोन्हीकडे येते आणि कटते. म्हणून या डिझाइनमध्ये ऑड्स रेशो वापरतात.

आणि मास्तर, रिलेटिव्ह रिस्क काढताच येत नाही हे अर्धंच खरं आहे. कंट्रोल वाढवत गेल्यावर तिचा आकडा १४ कडे सरकत गेला ना? खऱ्या समाजात निरोगी माणसं पेशंटच्या कितीतरी पट असतात, म्हणून रोग दुर्मिळ असेल तर ऑड्स रेशो जवळपास रिलेटिव्ह रिस्कच असतो. अमेरिकन स्टॅटिस्टिशियन कॉर्नफिल्डनी हे १९५१ मध्ये दाखवलं. या डिझाइनमध्ये काढता येत नाही ती गोष्ट वेगळी, प्रत्यक्ष रिस्क, म्हणजे हजारात किती जणांना होणार ते. त्यासाठी कोहॉर्ट लागतो.

मांजराकाठ
अरे देवा, दहा कंट्रोलचं गणित स्वतः करून बघितलं आणि एकदम डोक्यात उजेड पडला. रूममेटलाही दाखवलं. पण मॅडम, त्याच दोघांनी नंतर डॉक्टरांचा कोहॉर्ट केला ना, तिथं मला २४ पट दिसायलंय. मग १४ का २४?

रेषाखंड
डॉक्टरांचा अभ्यास १९५१ ला सुरू झाला. ब्रिटिश डॉक्टरांना सवयी विचारल्या, साधारण ४० हजार जणांनी उत्तर दिलं, मग कोण कशाने जातं त्याची नोंद ठेवत गेले. १९५६ च्या पेपरमध्ये न ओढणाऱ्या पुरुषांत फुफ्फुसाच्या कॅन्सरने मृत्यू वर्षाला हजारी ०.०७ आणि दिवसाला २५ ग्रॅम किंवा जास्त तंबाखू ओढणाऱ्यांत १.६६. हे तुमचे २४ पट. म्हणजे हे फक्त जड ओढणारे आहेत, तुमच्या १४ मध्ये दिवसाला एक सिगारेटवालाही धरलाय. १९५० चा टेबलही तसाच वेगळा करून बघा. त्यात दिवसाला ५० किंवा जास्त सिगारेटी ओढणारे घेतले तर कॅन्सरवाले ३२ विरुद्ध कंट्रोल १३, न ओढणाऱ्यांशी त्याचा ऑड्स रेशो ३३ येतो, आणि दिवसाला १ ते ४ वाल्यांचा ८. दिवसाच्या सिगारेटी वाढतात तसा आकडा वाढतो, मला १४ पेक्षा हे जास्त बोलकं वाटतं.

दुसरं, तुमचा सगळा हिशोब त्या २ माणसांवर उभा आहे. दोनाच्या जागी चार असते तर उत्तर निम्मं झालं असतं. ढोबळ कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, काढला तर ३.३ ते ५९ येतो. त्यामुळं १४ हा आकडा पाठ करून सांगू नका, रुंदी सांगा.

तिसरं, कंट्रोलही हॉस्पिटलमध्येच पडलेले होते, आणि त्यातले काही आजार सिगारेटनेच होणारे असणार, हे नंतर कळलं. म्हणजे कंट्रोलमध्ये ओढणारे समाजापेक्षा जास्त आले आणि रेशो खाली ओढला गेला.

परभणीकर दादा, तुमच्या मावशीबद्दल वाईट वाटलं. चुलीचा धूर मोजतात, कोळसा किंवा लाकूड जाळणाऱ्या घरातल्या बायकांवर अभ्यास झालेत आणि तिथं फुफ्फुसाच्या कॅन्सरची रिस्क वाढलेली दिसते. वडिलांचं म्हणाल तर १.६६ म्हणजे वर्षाला लाखात १६६, बाकीचे त्या वर्षी या कॅन्सरने गेले नाहीत. ब्रिटनमध्ये आयुष्यभर ओढत राहिलेल्या पुरुषांत पंच्याहत्तरीपर्यंत या एका कॅन्सरने जाणारे साधारण १०० पैकी १६. तुमचे वडील उरलेल्यांत आहेत, त्याने २४ पट खोटं ठरत नाही.

परभणीकर_७२
१०० पैकी १६ हे मला पटकन कळलं, पट कळत नव्हते. वडिलांना दाखवतो, ऐकतील असं वाटत नाही.

गोदाकाठचा_मास्तर
मॅडम, दुर्मिळ रोगाचं मान्य. पण कन्फाउंडिंगचं माझं म्हणणं चुकीचं कसं? कोहॉर्टमध्ये आपण आधीपासून बघतो ना.

रेषाखंड
आधीपासून बघितल्याने कोण आधी, सिगारेट की रोग, ते कळतं. आणि आजारी माणूस आठवून आठवून जास्त सांगेल ही भीती जाते. पण ओढणारा माणूस इतर बाबतीतही वेगळा असेल, दारू पिणारा, धुळीत काम करणारा, तर तो कोहॉर्टमध्येही तसाच वेगळा राहतो. डॉक्टर निवडल्यामुळं सगळ्यांचा व्यवसाय एक झाला, तेवढा गोंधळ गेला. तसं वय आणि लिंग १९५० मध्येच जुळवलं होतं, म्हणजे केस-कंट्रोलमध्येही हाताळता येतं.

फिशरसारखा मोठा स्टॅटिस्टिशियन १९५८ मध्ये हेच म्हणत होता, की सिगारेटची ओढ आणि कॅन्सर दोन्ही एकाच आनुवंशिक गुणामुळं असेल. कोहॉर्टने त्याचं तोंड बंद होत नाही. उत्तर कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दिलं: रिस्क ९ पट दिसत असेल आणि ती पूर्णपणे त्या लपलेल्या गुणामुळं असेल, तर तो गुण ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा निदान ९ पट जास्त सापडला पाहिजे. असा गुण दाखवा. कुणी दाखवला नाही. रिस्क दीडपट असती तर हे उत्तर चाललं नसतं, दीडपट फरकाचे कन्फाउंडर गल्लोगल्ली असतात.

विचारणाऱ्यांनीच कॅन्सरवाल्यांना जास्त खोदून विचारलं असेल, या भीतीवर १९५० च्या पेपरमध्येच एक सुंदर तपासणी आहे, ती गुरुवारी नक्की सांगा. काही पेशंटना मुलाखतीच्या वेळी कॅन्सर समजलं होतं आणि नंतर निदान बदललं. विचारणाऱ्यांना ते कॅन्सरवालेच वाटत होते, तरी त्यांच्या सवयी कंट्रोलसारख्या निघाल्या. विचारणाऱ्यांचा कल उत्तरात उतरला असता तर त्या कॅन्सरवाल्यांसारख्या निघायला हव्या होत्या.

मांजराकाठ
हे मी वाचलं होतं पण कशासाठी दिलंय ते कळलंच नव्हतं!

एक शेवटचं. सर म्हणालेत की आपल्या भागात बिडीवर असाच छोटा केस-कंट्रोल करा. कंट्रोल म्हणून मी पेशंटसोबत आलेले नातेवाईक घेणार होते, ते वॉर्डात बसलेलेच असतात. चालेल का?

रेषाखंड
नको. भाऊ-मुलगा एकाच घरचे, एकाच पारावर बसणारे, बिडीची सवयही सारखी, फरक पुसला जाईल. छातीच्या वॉर्डातलेही नको, दम्या-खोकल्याचे पेशंट बिडीवालेच जास्त.

मांजराकाठ
मग मोतीबिंदूचे? शिबिरात भरपूर येतात आणि वयही जुळतं.

रेषाखंड
मोतीबिंदूची रिस्कही धूम्रपानाने वाढते.

गोदाकाठचा_मास्तर
ऑर्थो घ्या, हाड मोडायला बिडी लागत नाही.

रेषाखंड
अपघातात दारू असते आणि दारूबरोबर बिडी. मी हर्निया, ऑर्थो असे दोन-तीन वॉर्ड मिसळून घेईन, म्हणजे एकाच वॉर्डाचा दोष सगळ्यावर बसणार नाही. शिवाय कंट्रोल कुठल्या गावचा ते बघा, कॅन्सर झाला असता तर तो तुमच्याच हॉस्पिटलला आला असता का? कॅन्सरचे पेशंट नांदेड-हिंगोलीहून येत असतील आणि हर्नियाचे लातूर शहरातले असतील, तर तुम्ही गाव विरुद्ध शहर मोजाल.

मांजराकाठ
आमच्याकडं तसंच आहे, हर्नियावाले जवळचे आणि कॅन्सरवाले लांबून येतात. तालुका जुळवायला गेले तर कंट्रोल मिळतील का ते रजिस्टर बघूनच कळेल. उद्या रेकॉर्ड सेक्शनला जाते आणि इथंच लिहिते.