मदत हवी आहे: सोडियम लॅम्पचे पट्टे पुसट होतात, परत येतात. मग कोहेरन्स लेंग्थ नेमकी किती?

मीरा_के
नमस्कार. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मायकेल्सन इंटरफेरोमीटरवर सोडियम लॅम्प लावून वर्तुळाकार पट्टे बघितले. सरकता आरसा मागे नेत गेले की पट्टे पुसट होत जातात आणि आणखी नेलं की पुन्हा ठसठशीत दिसतात. सगळ्यात पुसट जागांची रीडिंग्ज मिलिमीटरमध्ये 7.418, 7.709, 7.997 आणि 8.289 आली.

मी जर्नलमध्ये लिहिलं, "पट्टे 0.29 मिमी.वर नाहीसे होतात, म्हणून कोहेरन्स लेंग्थ 0.29 मिमी." सरांनी त्यावर लाल रेघ मारली. कारण विचारायला वेळ मिळाला नाही, तास संपला. पाथ डिफरन्स वाढला की पट्टे जातात, हीच तर कोहेरन्स लेंग्थ ना? माझं कुठे चुकलं?

सुधीर७१
अणू प्रकाश अखंड सोडत नाही, तुकड्या-तुकड्यांत सोडतो. एका तुकड्याचे दोन भाग होऊन दोन आरशांकडे जातात. एकाला जास्त अंतर पडलं की तो उशिरा पोचतो, तोवर दुसरा निघून गेलेला असतो. मग व्यतिकरण कुणाचं कुणाशी होणार? तुमच्या लॅम्पमधला तुकडा तेवढाच लांब असणार. फक्त आरसा 0.29 सरकला म्हणजे प्रकाशाला जाऊन-येऊन 0.58 मिमी. जास्त पडतात. ते दुप्पट करायचं राहिलं, म्हणून रेघ मारली असेल.

रानवारा
लॅम्पसमोरची फट अरुंद करून बघा. आम्ही दोन फटींचा प्रयोग करताना फट रुंद राहिली की पट्टे हमखास जायचे.

प्रकाशवाट
रानवारा, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो उगमाच्या रुंदीचा. रुंद फटीच्या प्रत्येक बिंदूचे पट्टे थोडे बाजूला सरकलेले असतात, म्हणून ते एकमेकांत मिसळतात. मीराच्या वर्तुळांना उलट रुंद उगमच लागतो, म्हणून तर लॅम्पपुढे दुधी काच लावतात. इथे अडचण रंगाची आहे.

सुधीरजी, दुप्पट करण्याचा मुद्दा बरोबर. पण तुकडा 0.58 मिमी.चा असता तर पट्टे एकदा गेल्यावर परत आले नसते. मीराच्या यादीत ते प्रत्येक वेळी परत आलेत. प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

मीरा, सोडियमचा पिवळा रंग एक नाही, दोन आहेत: 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर. प्रत्येकाची स्वतःची वर्तुळं पडतात आणि तू दोन्ही एकावर एक बघतेस. आरसे समान अंतरावर असताना ती जुळलेली असतात. आरसा सरकवला की दोघांच्या पावलांत किंचित फरक पडत जातो. दोन फण्या एकमेकींवर धर, एकीचे दात किंचित दाट. सुरुवातीला दात जुळतात, थोडं पुढे एकीचा दात दुसरीच्या फटीत बसतो, आणखी पुढे पुन्हा जुळतात. पाथ डिफरन्स सुमारे 0.29 मिमी. झाला (म्हणजे आरसा 0.145 सरकला) की त्यात एका रंगाच्या 493.8 तरंगलांब्या बसतात आणि दुसऱ्याच्या 493.3. अर्ध्या पावलाचा फरक, म्हणून एकाच्या उजेडावर दुसऱ्याचा अंधार.

तुझे आकडे त्याचीच साक्ष देतात. 7.418 ते 8.289 या अंतरात तीन फेऱ्या झाल्या, म्हणजे एका फेरीला 0.2903 मिमी. आता Δλ = λ²/2d मध्ये λ = 589.3 नॅनोमीटर आणि d = 0.2903 मिमी. घाल. उत्तर 0.598 नॅनोमीटर येतं. दोन रेषांमधलं खरं अंतर 0.597 आहे. मोजमाप सुंदर केलं आहेस, फक्त त्याला नाव चुकीचं दिलंस.

मीरा_के
आता समजलं! पण मग एक खटकतं. पुसट जागीसुद्धा पट्टे पूर्ण गेले नव्हते. डोळा लावून बसलं की फिकट वर्तुळं दिसतच होती.

प्रकाशवाट
दिसायलाच हवीत. दोन्ही रेषा सारख्या तेजाच्या नाहीत. विरळ वाफेत एक दुसरीच्या दुप्पट असते, म्हणून एकीचा अंधार दुसरी पूर्ण भरू शकत नाही. लॅम्पमध्ये वाफ दाट होते, तेजस्वी रेषेचा प्रकाश ती स्वतःच गिळते, आणि दोघींचं तेज बरोबरीच्या जवळ येतं. म्हणून तुला तेवढी वर्तुळं दिसली नाहीत, फिकटच दिसली.

सुधीर७१
म्हणजे तुकड्याचं चित्र चूकच म्हणायचं?

प्रकाशवाट
चित्र चालतं, पण त्यातून लॅम्पचा आकडा काढता येत नाही. सोडियमचा अणू उत्तेजित अवस्थेत सुमारे 16 नॅनोसेकंद राहतो. तेवढ्या वेळात प्रकाश जवळपास 5 मीटर जातो. अणू स्तब्ध आणि एकटा असता तर पट्टे मीटरांपर्यंत टिकले असते. पण तापलेल्या वाफेत अणू सेकंदाला काहीशे मीटर वेगाने इकडेतिकडे धावतात. जवळ येणाऱ्याचा रंग किंचित निळसर सरकतो, दूर जाणाऱ्याचा तांबूस. त्यात वाफेचं ते गिळणं रेषेचा मधला भाग खाऊन तिला आणखी पसरट करतं. अशा रेषेत दोनच नाही, असंख्य रंग शेजारी-शेजारी असतात. पाथ डिफरन्स वाढला की त्यांची पावलं कायमची विस्कटतात, पुन्हा जुळत नाहीत. कोहेरन्स लेंग्थ म्हणायची ती याला, आणि सोडियम लॅम्पसाठी ती काही सेंटीमीटरच्या घरात असते.

1862 साली फिझोने सोडियमच्या प्रकाशात न्यूटनच्या कड्या बघत भिंग उचलत नेलं. पट्टे दर हजारेक पट्ट्यांनी पुन्हा स्पष्ट व्हायचे आणि अशा 52 फेऱ्या त्याने मोजल्या. म्हणजे सुमारे 3 सेंटीमीटर पाथ डिफरन्सपर्यंत त्याला काहीतरी दिसत होतं.

निळकंठ_होलो
माझंही असंच काहीतरी. हीलियम-निऑन लेझर, नळीतल्या आरशांत 30 सेंटीमीटर अंतर. होलोग्राममध्ये वस्तूचा मागचा भाग काळा येतो. लेझरची कोहेरन्स लेंग्थ तर खूप मोठी असते ना?

प्रकाशवाट
तुमचंही फण्यांचंच प्रकरण. या लांबीच्या नळीत एकाच वेळी दोन-तीन रंग चालतात, एकमेकांपासून 500 मेगाहर्ट्झवर. पाथ डिफरन्स 30 सेंटीमीटरच्या आसपास गेला की पट्टे पुसट होतात, 60 ला पुन्हा येतात. वस्तूकडून येणारी वाट आणि संदर्भ-किरणाची वाट दोरीने मोजा आणि दोन्ही वस्तूच्या मध्यापाशी जुळवून घ्या.

मीरा_के
काल पुन्हा लॅबमध्ये बसले. आरसा शून्य जागेपासून साधारण 9 मिमी. मागे नेला. फेऱ्या अजून चालू आहेत, पण स्पष्ट जागीसुद्धा पट्टे आधीसारखे उठावदार नाहीत. शिवाय वर्तुळं इतकी दाटली की दोन कड्यांमधली फट डोळ्याला वेगळी ओळखू येईना. ही लॅम्पची मर्यादा, की माझ्या डोळ्याची, की टेबलाच्या हादऱ्याची?

प्रकाशवाट
त्याच जागी, आरसा न हलवता, लॅम्प काढून लेझर लाव, पुढे दुधी काच ठेव. लेझरची वर्तुळं ठसठशीत आली तर हादरा आणि आरसे सुटले, दोष लॅम्पवर येतो. तीही फिकटच आली तर आधी टेबल बघ.

सुधीर७१
आणि लॅम्प लावल्यावर पाच मिनिटांनी आणि तासाभराने, दोन्ही वेळा बघा. तापल्यावर वाफ दाट होत असेल तर पट्टे आणखी लवकर मिटायला हवेत, नाही का?

प्रकाशवाट
व्हायला हवं तसंच. पण हातातल्या लॅम्पमध्ये तो फरक डोळ्याला दिसण्याइतका असेल का, हे मी मोजलेलं नाही.

मीरा_के
लेझर शुक्रवारी मिळणार आहे. त्याच दिवशी लॅम्पची गार आणि गरम दोन्ही रीडिंग्ज घेते आणि इथेच टाकते.