चलन आलंय, भरू का?

कदम काका (बी-३०४): नमस्कार मंडळी. माझ्या स्कूटरवर सिग्नल तोडल्याचं चलन आलंय, ५०० रुपये. त्या दिवशी गाडी दिवसभर खाली पार्किंगमध्येच होती. वॉचमनलाही माहीत आहे. आता कोणाकडे जायचं?

सावंत (ए-१०२): काका, भरून टाका. ५०० साठी कोण हेलपाटे घालणार.

मनीषा ताई (बी-५०१): काका थांबा! व्हॉट्सअ‍ॅपवर .apk फाइल आली असेल तर अजिबात उघडू नका, बँक खातं रिकामं होतं. मेसेजमधल्या लिंकवरही नको. mahatrafficechallan.gov.in हे स्वतः टाइप करा. गाडीचा नंबर आणि चासीचे किंवा इंजिनचे शेवटचे ४ आकडे टाका. आरसीवर असतात.

सेक्रेटरी: गाड्यांचा विषय निघालाच आहे तर पुन्हा विनंती, स्टिकर नसलेली वाहनं गेटच्या आत लावू नयेत.

जाधव वहिनी (सी-१०४): स्टिकर मिळाले तर लावू ना. दिवाळीपासून छापायलाच गेलेत.

सेक्रेटरी: वहिनी, वर्गणी थकल्यावर छपाई कशी होणार? नावं इथे घेत नाही.

कदम काका: अहो, माझं चलन! साइटवर खरंच दिसतंय. कलम ११९/१७७ लिहिलंय. फोटो आहे, पण बारीक.

वैद्य वकील (सी-२०३): काका, ११९ म्हणजे सिग्नल आणि वाहतूक चिन्हं पाळायची जबाबदारी. दंड १७७ खाली लागतो. पहिल्यांदा ५०० पर्यंत, पुन्हा तोच प्रकार झाला तर १५०० पर्यंत. आता फोटो मोठा करून नंबर प्लेट एकेक अक्षर वाचा. गाडी कोणती आहे तेही बघा.

सावंत: माझं अजूनही तेच मत, भरून मोकळे व्हा.

कदम काका: वकीलसाहेब, ही तर काळी मोटारसायकल आहे! माझी क्रीम रंगाची स्कूटर. प्लेटवर शेवटी ३३ आहे, वरच्या बाजूला स्क्रू आलाय. माझे शेवटचे आकडे ३८.

मनीषा ताई: म्हणजे ३ चा ८ वाचला!

जाधव वहिनी: आणि सावंत म्हणत होते भरून टाका 😄

सावंत: वहिनी, मी काकांचा त्रास वाचावा म्हणून म्हणालो. ५०० रुपयेच आहेत.

वैद्य वकील: सावंत, प्रश्न फक्त ५०० चा नाही. चलन भरलं म्हणजे तडजोड झाली, प्रकरण मिटलं. मग गाडी माझी नव्हती म्हणायला जागा उरत नाही. आणि गाडीच्या नावावर एक सिग्नल तोडल्याची नोंद राहिली की पुढचं चलन दुसऱ्यांदा म्हणून १५०० चं येऊ शकतं.

काका, त्याच साइटवर तक्रारीचा पर्याय आहे. चलन क्रमांक, आरसी आणि स्कूटरचे दोन फोटो जोडा, एक बाजूने, एक नंबर प्लेट स्पष्ट दिसेल असा. मजकूर दोन ओळींचाच ठेवा: "फोटोतील वाहन मोटारसायकल असून तिच्या नंबरचे शेवटचे आकडे ३३ आहेत. माझे वाहन स्कूटर असून शेवटचे आकडे ३८ आहेत. चलन रद्द करावे." गाडी पार्किंगमध्ये होती, वॉचमन साक्षीदार आहे, हे लिहू नका. तपासणाऱ्याला फोटोवरून एका नजरेत पटतं, बाकीच्या गोष्टींनी उलट शंका येते.

कदम काका: मुदतीचं काय? प्रकार ४ तारखेचा, मेसेज आला २७ ला.

वैद्य वकील: कॅमेऱ्यावरून काढलेल्या चलनाची नोटीस १५ दिवसांत द्यावी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ सांगतो. तुमची २३ दिवसांनी आली. हे तक्रारीत जरूर लिहा, पण फक्त एवढ्यावर चलन आपोआप रद्द होईल असं धरून चालू नका. मुख्य मुद्दा चुकीच्या गाडीचाच. तुमच्या बाजूची मुदत नोटिशीवर छापलेली असते, तिच्या आत तक्रार गेली पाहिजे. पोच क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

मनीषा ताई: आणि तक्रार फेटाळली तर?

वैद्य वकील: तर न भरता थांबायचं. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात गेलं की vcourts.gov.in वर गाडीच्या नंबरवरून दिसतं. तिथे दंड भरतो किंवा लढवतो, असे दोन पर्याय येतात. लढवतो निवडलं की ते नेहमीच्या न्यायालयाकडे जातं. तिथे मात्र तारखेला हजर राहावं लागतं, आणि काळी मोटारसायकल दाखवणारा तोच फोटो तुमचा पुरावा.

सेक्रेटरी: छान माहिती. स्टिकरचे अर्ज ऑफिसमध्ये ठेवले आहेत.

कदम काका: तक्रार टाकली. पोच मिळाली. आभारी आहे सगळ्यांचा.

सावंत: वकीलसाहेब, माझंही एक चलन पडून आहे. फोटो मोठा करून बघितला. गाडी माझीच, नंबरही माझाच.

वैद्य वकील: मग सावंत, तुम्ही भरून टाका.